मंदीत किंवा साथीत वाढलेली पिढी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐन तारुण्यात मंदी किंवा साथ आली तर माणसाचे विचार कायमचे बदलतात का, यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही पालकांचे आहेत, काही नुकत्याच नोकरीला लागलेल्यांचे, आणि बरेचसे "आमच्या वेळी असं नव्हतं" इथून सुरू होणारे. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि जपानमधली आहेत, कारण तेच प्रश्न पन्नास-पन्नास वर्षं विचारत राहण्याचं चिकाटीचं काम तिथे झालं.

१. संकटात वाढलेल्यांचे विचार खरंच वेगळे होतात, की ही नुसती बोलायची गोष्ट?

होतात. मात्र 'खूण' कशाला म्हणायचं ते आधी ठरवायला हवं. मंदी चालू असताना सगळेच घाबरलेले असतात, हात आखडता घेतात. ती खूण नव्हे. बाजार सावरला, नोकऱ्या परत आल्या, वीस वर्षं उलटली आणि तरीही त्या काळात तरुण असलेल्यांची उत्तरं इतरांपेक्षा वेगळी येत राहिली, तर ती खूण.

असा फरक तीन ठिकाणी सर्वांत ठळक दिसला आहे: माणूस पुढे जातो तो कष्टांनी की नशिबाने याबद्दलचं मत, पैसा गुंतवताना जोखीम घ्यायची तयारी, आणि सरकारवरचा विश्वास. 'ती पिढी जास्त समंजस असते', 'ती कुटुंबाला धरून राहते' वगैरे दावे भाषणात छान वाटतात, पण ते सावधपणे घ्यावेत. आणि या तिन्ही ठिकाणीही फरक सरासरीतला आहे. प्रचंड नाही, पण टिकाऊ आहे.

२. कोणत्या वयात संकट आलं तर जास्त परिणाम होतो?

मतांच्या बाबतीत साधारण १८ ते २५.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच मांडलं होतं की सतराच्या आसपास माणूस आजूबाजूच्या जगाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लागतो, आणि तेव्हा जे दिसतं ते पुढच्या सगळ्या अनुभवांचा पाया होतं. पुढे १९८९ मध्ये जॉन क्रॉसनिक आणि ड्वेन अल्विन यांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासली. राजकीय मतं बदलण्याची शक्यता तारुण्याच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर लवकरच उतरते, असं त्यांना आढळलं.

कारण फार गूढ नाही. पहिली नोकरी, पहिलं मतदान, पहिला स्वतःचा पगार, घरापासून पहिल्यांदा लांब राहणं, हे सगळं याच काळात येतं. जग कसं चालतं याबद्दल तोवर ऐकलेलं असतं, आता ते अंगावर येतं. पंचेचाळिशीत मंदी आली तर माणसाकडे तुलनेला आधीची चांगली वर्षं असतात. बाविसाव्या वर्षी तुलनेला काहीच नसतं, त्यामुळे समोर दिसतं तेच नेहमीचं वाटतं.

अगदी लहान मुलांचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न ८ मध्ये.

३. 'नशीब की कष्ट' हे कसलं मत? ते मोजतात तरी कसं?

अमेरिकेत १९७२ पासून 'जनरल सोशल सर्व्हे' नावाची पाहणी चालते. तिच्यात एक साधा प्रश्न असतो: काही लोक म्हणतात माणूस स्वतःच्या कष्टांनी पुढे जातो, काही म्हणतात नशीब किंवा दुसऱ्यांची मदत जास्त महत्त्वाची, तुम्हाला काय वाटतं? शब्द तेच ठेवून हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला, म्हणून सत्तरच्या दशकातलं उत्तर आणि तीस वर्षांनंतरचं उत्तर शेजारी ठेवता येतं.

पाओला जुलियानो आणि अँटोनिओ स्पिलिम्बर्गो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ ते २०१० ची ही उत्तरं घेतली आणि प्रत्येक उत्तर देणारा तरुण असताना त्याच्या भागात अर्थव्यवस्था कशी होती हे त्याच्याशी जोडलं. २०१४ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: तरुणपणी मंदी पाहिलेले लोक यशाचं श्रेय कष्टांपेक्षा नशिबाला जास्त देतात, श्रीमंत-गरिबांतली दरी सरकारने कमी करावी असं जास्त म्हणतात, आणि डावीकडे झुकलेल्या पक्षांना मत देण्याकडे त्यांचा कल असतो. जगातल्या ३७ देशांच्या आकडेवारीतही त्यांना हेच दिसलं.

विचार केला तर यात नवल नाही. एकाच वर्गातली, सारख्याच गुणांची दोन मुलं. एक मंदीच्या आधीच्या वर्षी बाहेर पडला आणि नोकरीला लागला, दुसरा एक वर्ष मागे होता म्हणून घरी बसला. 'कष्ट केले की फळ मिळतंच' हे त्या दुसऱ्याच्या गळी उतरवायचं कसं?

४. पण तरुण असताना सगळेच तसं बोलतात. हा वयाचा परिणाम आहे की पिढीचा, हे ओळखायचं कसं?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि वर्तमानपत्रांतले बहुतेक 'नव्या पिढीचे' लेख इथेच आपटतात.

अडचण अशी. १९८५ मध्ये २५ वर्षांच्या आणि ५५ वर्षांच्या माणसांना तोच प्रश्न विचारला आणि उत्तरं वेगळी आली. फरक वयाचा असू शकतो, कारण पंचवीस आणि पंचावन्न या दोन वेगळ्या अवस्था आहेत. फरक जन्मकाळाचाही असू शकतो, कारण एक १९६० चा आणि दुसरा १९३० चा. बरं, थांबू आणि १९६० वाले पंचावन्नचे झाले की पुन्हा विचारू म्हटलं, तर तोवर २०१५ उजाडतं आणि काळच बदललेला असतो. जन्मवर्षात वय मिळवलं की चालू वर्ष येतं. तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते, म्हणून नुसत्या आकडेमोडीने तिघांना वेगळं करताच येत नाही.

यातून वाट निघते ती जागेच्या फरकातून. वय तेच, जन्मवर्ष तेच, विचारण्याचं वर्षही तेच, फक्त संकट एकाच्या भागात आलं आणि दुसऱ्याच्या भागात आलं नाही, अशी माणसं शोधायची.

एक उदाहरण कल्पून पाहू. दोघं १९५८ चे, एक मिशिगनमधला, दुसरा टेक्सासमधला. १९८२ मध्ये दोघं चोवीस वर्षांचे. त्या वर्षी मोटारींचे कारखाने बंद पडल्यामुळे मिशिगनमधली बेरोजगारी १५ टक्क्यांच्या वर गेली होती, तर तेलावर चालणाऱ्या टेक्सासमध्ये ती ७ टक्क्यांच्या आसपास होती. पुढे १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि टेक्सासचीही पाळी आली, पण तेव्हा आपला टेक्सासवाला अठ्ठावीसचा होता, म्हणजे त्या संवेदनशील वयातून बाहेर पडलेला. आता १९९८ मध्ये दोघांना, चाळिशीत, 'नशीब की कष्ट' विचारा. वय, जन्मकाळ आणि चालू काळ दोघांचा एकच, त्यामुळे हे तिन्ही खुलासे बाद होतात. दोन माणसांच्या फरकाला अर्थ नसतो, पण अशा हजारो जणांची सरासरी सतत एकाच दिशेने वेगळी येत असेल तर खूण आहे असं म्हणता येतं. प्रत्यक्ष अभ्यासात राज्यांऐवजी देशाचे नऊ मोठे विभाग धरले होते आणि शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे गोष्टींचा हिशेबही धरला होता, पण मूळ युक्ती हीच.

यात एक खाच आहे. माणूस आज कुठे राहतो हे धरलं तर सगळं बिघडतं. मंदीत लोक गाव सोडतात. मिशिगनमधून टेक्सासला गेलेल्यांची तर रीघ लागली होती. म्हणून त्या पाहणीतला एक वेगळाच प्रश्न कामी येतो: तुम्ही सोळा वर्षांचे असताना कुठे राहत होता? सोळाव्या वर्षीचं गाव माणसाने मंदी बघून निवडलेलं नसतं.

पुढच्या वेळी 'आजच्या पिढीला कष्ट नकोत' असा सर्व्हे दिसला की एवढंच पाहा: त्यात आजच्या तरुणांची तुलना आजच्या म्हाताऱ्यांशी केली आहे का? तशी असेल तर त्यातून पिढीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

५. शेअर बाजार कोसळलेला पाहिलेल्यांची भीती किती वर्षं टिकते?

दशकं. ती हळूहळू विरते, पण पुरती जात नाही. याचा हिशेब उल्रिके मालमेंडियर आणि स्टीफन नागेल यांनी २०११ मध्ये मांडला आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

त्यांनी अमेरिकी कुटुंबांच्या गुंतवणुकीची १९६० ते २००७ ची माहिती घेतली. माणसाने आयुष्यभरात बाजाराचा जो परतावा पाहिला त्याची सरासरी काढली, पण सगळ्या वर्षांना सारखं वजन न देता. अलीकडच्या वर्षांना जास्त, जुन्यांना कमी. किती जास्त आणि किती कमी हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही, लोकांच्या वागण्यातूनच शोधलं. वजन जवळपास सरळ रेषेत उतरतं असं निघालं.

सोयीसाठी अगदी सरळ रेषा धरू. मग हिशेब फार सोपा होतो: एखाद्या वर्षाचं वजन म्हणजे त्या वर्षीचं तुमचं वय. आता १९२९ ते १९३२ ही चार वर्षं घ्या. या काळात अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वरून ४१ वर आला, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के गेला, आणि जुनी पातळी त्याने थेट १९५४ मध्ये गाठली.

१९१० मध्ये जन्मलेला माणूस या चार वर्षांत १९ ते २२ वर्षांचा होता. वजनांची बेरीज ८२. १९३५ मध्ये तो पंचवीसचा झाला, तोवरच्या सगळ्या वर्षांच्या वजनांची बेरीज ३००. म्हणजे बाजाराबद्दलच्या त्याच्या मतात त्या चार वर्षांचा वाटा २७ टक्के. १८७५ मध्ये जन्मलेल्या, १९३५ मध्ये साठीच्या माणसासाठी तोच वाटा साडेबारा टक्के निघतो. कोसळणं तेच, पण तरुणाच्या मनात दुप्पट जागा अडवून बसलेलं, कारण त्याच्याकडे दुसरे अनुभवच थोडे.

तोच १९१० वाला १९६० मध्ये पन्नाशीला पोचतो तेव्हा वाटा ७ टक्क्यांच्या आत येतो. सगळी वर्षं सारखी धरली असती तरी चार वर्षांचा वाटा आठ टक्केच आला असता. म्हणजे भीती बरीच पातळ झाली, पण तीस वर्षांनंतरही शून्य नाही. बाजारात वाईट अनुभव घेतलेले लोक शेअर कमी घेतात, घेतले तरी बचतीतला छोटा हिस्सा त्यात घालतात, आणि 'जोखीम घ्याल का' विचारलं तर नको म्हणतात.

६. प्रश्न २ मध्ये '१८ ते २५' म्हणता आणि प्रश्न ५ मध्ये 'अलीकडचं जास्त मोजलं जातं' म्हणता. दोन्ही कसं खरं?

ही विसंगती खरी आहे आणि अभ्यासकांतही त्यावर एकमत नाही. पहिल्या पद्धतीत एक खिडकी उघडते आणि बंद होते. दुसऱ्या पद्धतीत खिडकी कधीच बंद होत नाही, नवा अनुभव जुन्याला हळूहळू मागे ढकलत राहतो.

माझं मत असं की दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. बाजाराबद्दलच्या समजुतीची परीक्षा दरवर्षी होते. भाव वर गेले, खाली गेले, हिशेब समोर येतो आणि माणूस नाखुशीने का होईना शिकतो. 'जगात न्याय आहे की नाही' या समजुतीची परीक्षा होतच नाही. कोणी यशस्वी झाला तर कष्टवादी म्हणतो बघा कष्ट, नशीबवादी म्हणतो बघा नशीब. जी समजूत खोटी पडूच शकत नाही, ती ज्या वयात बसली तशीच राहते.

७. आमच्या घराला मंदीची झळ बसली नव्हती. तरीही खूण राहील का?

थोडी राहते, पण झळ बसलेल्या घरांइतकी नाही. 'मंदीत वाढलेली पिढी' असं सरसकट बोलण्यातली सर्वांत मोठी चूक इथेच होते.

हे सर्वांत बारकाईने दाखवलं ग्लेन एल्डर यांनी. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या १६७ मुलांवर १९३० च्या दशकापासून नोंदी ठेवल्या जात होत्या. एल्डर यांनी त्या मुलांना दोन गटांत वाटलं: १९२९ ते १९३३ मध्ये ज्यांच्या घरचं उत्पन्न एक तृतीयांशाहून जास्त घटलं ते, आणि बाकीचे. मंदी दोघांच्या गावात होती, शाळा तीच होती, पण घरं वेगळी.

उत्पन्न घटलेल्या घरांत मुलं बाहेर पडून छोटी-मोठी कामं करू लागली आणि मुलींवर घरकाम आलं, कारण आई कामाला जायला लागली होती. वडिलांचा घरातला शब्द हलका झाला, आईचा जड. ही मुलं लवकर मोठी झाली. पुढे काय करायचं हे मुलग्यांनी लवकर ठरवलं, आणि मध्यमवर्गातल्या झळ बसलेल्या मुलग्यांचं पुढचं आयुष्य तर झळ न बसलेल्यांपेक्षा वाईट गेलं नाही.

झळ न बसलेल्यांवरही थोडी खूण राहते असं म्हणतो ते प्रश्न ३ मधल्या अभ्यासावरून. त्यात कुणाचं घर बुडालं हे न पाहता सगळ्या भागाची परिस्थिती पाहिली होती, तरी फरक दिसला. शेजाऱ्याचं दुकान बंद पडलेलं पाहणं हाही अनुभवच.

८. माझी मुलगी साथीच्या वेळी सात वर्षांची होती. लहान मुलं तर विसरतात ना?

मतांबद्दल म्हणाल तर सातव्या वर्षी ती बनलेलीच नसतात. पण घरातल्या वातावरणाचा परिणाम लहानांवर जास्त होतो, हे एल्डर यांच्याच दुसऱ्या गटात दिसलं.

बर्कलीमधला हा गट १९२८-२९ मध्ये जन्मलेला. ओकलंडची मुलं मंदीत किशोरवयाची होती, घराला हातभार लावू शकत होती. बर्कलीची मुलं तेव्हा पाळण्यात किंवा बालवाडीच्या वयात, पूर्णपणे घरावर अवलंबून. उत्पन्न बुडालेल्या घरांतले बर्कलीचे मुलगे किशोरवयात आत्मविश्वासाने कमी आणि भविष्याबद्दल निराश निघाले. मुलींवर तितका परिणाम नव्हता. त्या आईच्या जवळ राहिल्या आणि आई खंबीर होती.

नोंदी नीट पाहिल्यावर मधली कडी सापडली ती वडिलांच्या वागण्याची. पैसा गेला की वडील चिडचिडे होत, कधी कशावरून ओरडतील याचा नेम नसे, आणि मुलाला बोचायचं ते तेच. जिथे पैसा गेला पण वडील शांत राहिले, तिथे नुकसान बरंच कमी होतं. तेव्हा मुलीला त्या वर्षाचं काय आठवतं यापेक्षा त्या वर्षी घरातली मोठी माणसं कशी वागत होती, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

९. मंदीत पदवी मिळाली तर पगारावर कायमचा परिणाम होतो का?

बहुतेकांवर कायमचा नाही, पण दहा वर्षं जातात. ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइस यांनी कॅनडाच्या पदवीधरांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा: मंदीत बाहेर पडणाऱ्याला सुरुवातीला सुमारे ९ टक्के कमी कमाई होते, पाच वर्षांत ही तूट निम्मी होते आणि दहाव्या वर्षाच्या आसपास संपते. भरून कशी निघते? कंपन्या बदलून. सुरुवातीला मिळेल ती छोटी नोकरी धरायची आणि दिवस पालटले की चांगल्या ठिकाणी उडी मारायची. वरच्या थरातले पदवीधर हे पटकन करतात. खालच्या थरातल्यांना ती उडी जमत नाही आणि त्यांची तूट राहते.

जिथे उडीच मारता येत नाही, तिथे काय होतं ते जपानमध्ये दिसलं. तिथल्या मोठ्या कंपन्या दरवर्षी एकदाच, शिक्षण संपवत असलेल्या विद्यार्थ्यांतून भरती करायच्या. ते वर्ष हुकलं की मागून दार जवळजवळ बंद. १९९३ ते २००५ च्या दरम्यान बाहेर पडलेल्यांना तिथे 'नोकरीच्या हिमयुगातली' पिढी म्हणतात. यातले अनेक जण चाळिशीतही कंत्राटी कामावरच राहिले. २०१९ मध्ये सरकारने त्यांच्यातल्या ३ लाख लोकांना तीन वर्षांत कायम नोकरीत आणायची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ताकाराझुका नावाच्या एका शहराच्या पालिकेने खास या पिढीसाठी तीन जागा काढल्या, तर १८०० च्या वर अर्ज आले.

तेव्हा खूण किती खोल जाईल हे मंदीवर जितकं अवलंबून असतं, तितकंच दुसरी संधी देणारी व्यवस्था आहे की नाही यावर.

१०. साथीची खूण मंदीसारखीच असते का?

नाही. साथीची खूण मुख्यतः विश्वासावर उमटते.

आक्सोय, आयकेनग्रीन आणि साका यांनी २००६ ते २०१८ या काळात सुमारे १४० देशांत घेतलेल्या, गॅलप या मतचाचणी संस्थेच्या पाहण्या तपासल्या. म्हणजे हे सगळं कोविडच्या आधीच्या साथींबद्दल आहे. १८ ते २५ या वयात ज्यांनी साथ पाहिली, त्यांचा सरकार, निवडणुका आणि नेते यांच्यावरचा विश्वास कमी राहिला, आणि तो वर्षं गेली तरी भरून आला नाही. इतर वयात साथ पाहिलेल्यांत असं टिकाऊ काही दिसलं नाही. सरकारी आरोग्यव्यवस्थेवरचा विश्वासही त्याच लोकांत घटला होता. त्यावरून अभ्यासकांनी कयास बांधला की राग रोगावर नसून साथ हाताळण्याच्या पद्धतीवर आहे. दुबळं सरकार असताना साथ आली तिथे घट जास्त होती, हेही त्याला धरूनच.

११. मग साथीनंतर विज्ञानावरचाही विश्वास उडतो का?

त्याच अभ्यासकांनी हेही तपासलं. विज्ञानावरचा विश्वास जागेवर राहतो, शास्त्रज्ञांवरचा घटतो. अशा लोकांचं लसींबद्दलचं मतही प्रतिकूल होतं, आणि टीव्हीवर सांगणारा माणूस खरं सांगतोय का, कुणाच्या बाजूने बोलतोय का, याबद्दल शंका राहते.

१२. कोविडची पिढी कशी निघेल?

२०२० मध्ये १८ ते २५ चे, म्हणजे साधारण १९९५ ते २००२ मध्ये जन्मलेले, यांच्याबद्दल आत्ता ठाम बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे खूण संकट संपल्यावर वीस वर्षांनी कळते.

एवढं मात्र सांगता येतं की १९३० च्या मंदीचा नमुना इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली, पण अधिकृत मोजणीनुसार मंदी दोनच महिन्यांत संपली, आणि सरकारने लोकांच्या खात्यात थेट पैसे घातले. १९३३ मध्ये तिथला जवळजवळ चौथा कामगार बेकार होता आणि ती अवस्था वर्षानुवर्षं चालली. त्यामुळे नशीब-कष्टाच्या मतापेक्षा विश्वासाच्या प्रश्नावर (प्रश्न १०) लक्ष ठेवणं जास्त शहाणपणाचं, आणि तेही देशागणिक, कारण कुठल्या सरकारने काय केलं यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

१३. मंदी पाहिलेला एक मित्र पै-पै साठवतो, दुसरा 'उद्याचं कुणी पाहिलंय' म्हणत उडवतो. मग खूण नेमकी कुठली?

दोघांच्या वागण्याखाली एकच समजूत असू शकते: उद्या माझ्या हातात नाही. तिच्यातून एक जण साठा करायला शिकतो, दुसरा आज जगून घ्यायला. मानहाइमनेही हे ओळखलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एकच मोठी घटना पाहिलेल्या लोकांत परस्परविरोधी गट पडतात, तरी ते एकाच पिढीचे असतात कारण ते एकाच प्रश्नाला उत्तर देत असतात.

सरकारबद्दल तर एकाच माणसात ओढाताण दिसू शकते. मंदी म्हणते सरकारने जास्त करावं, साथ म्हणते या सरकारचा काय भरवसा. ज्या तरुणांना दोन्ही एकदम भोगावं लागलं, त्यांच्या तोंडी 'सरकारने द्यायला हवं' आणि 'सरकार चोर आहे' ही दोन्ही वाक्यं एका दमात आली, तर त्यांना गोंधळलेले म्हणू नये.

१४. महागाईत वाढलेल्यांचं काय?

प्रश्न ५ चीच तऱ्हा. १९७० च्या दशकातली महागाई पाहून तरुणांनी पुढच्या महागाईचा अंदाज म्हाताऱ्यांपेक्षा वरचा बांधला, कारण म्हाताऱ्यांनी स्वस्ताईही पाहिली होती. लक्षात ठेवायचं ते एवढंच की खूण ज्या-त्या विषयापुरती असते. शेअरमध्ये पोळलेला शेअरला घाबरतो, रोख्यांत पोळलेला रोख्यांना. सगळ्याच जोखमीला घाबरणारा माणूस त्यातून तयार होतोच असं नाही.

१५. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराच्या जन्मवर्षावरून त्याचा स्वभाव ओळखता येईल का?

नाही. हे सगळे फरक सरासरीतले आहेत. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांतला फरक हा दोन पिढ्यांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

१६. आम्हाला आमच्या विद्यार्थ्यांची पाहणी करायची आहे. काय विचारावं?

'साथीचा तुमच्यावर काय परिणाम झाला?' हे विचारू नका. त्याला प्रत्येकाकडे तयार उत्तर असतं आणि ते आजच्या मनःस्थितीवर ठरतं. घडलेल्या गोष्टी विचारा: सोळाव्या वर्षी कुठे राहत होता, त्या दोन वर्षांत घरातल्या कुणाची नोकरी किंवा धंदा गेला का, उत्पन्न साधारण किती घटलं, घरात कुणी आजारी पडलं का, शिक्षण किती महिने थांबलं. मतांचे प्रश्न वेगळ्या भागात ठेवा, शक्यतो आधी, म्हणजे संकटाची आठवण त्या उत्तरांत उतरणार नाही. प्रश्नांचे शब्द एकदा ठरले की बदलू नका, नाहीतर पाच वर्षांनी तुलनाच करता येणार नाही.

तुलनेसाठी ज्यांचं शिक्षण संकटाच्या दोन-तीन वर्षं आधी संपलं त्यांना घ्या, पालकांना नको, कारण मग प्रश्न ४ मधली अडचण पुन्हा उभी राहते. आणि संपर्काचे पत्ते जपून ठेवा. पाच वर्षांनी ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांत संकटाने सर्वांत जास्त होरपळलेले अनेकदा जास्त असतात, आणि ते गळाले की उरलेल्यांची सरासरी बघून 'काहीच परिणाम झाला नाही' असा निष्कर्ष निघतो.